तूरडाळ मिलचा प्रकल्प अहवाल: कोणतं गृहीतक हिशेब सगळ्यात जास्त हलवतं?

प्रश्न: आमची यवतमाळ जिल्ह्यातली शेतकरी उत्पादक कंपनी तूरडाळ मिल टाकणार आहे. शेड आणि यंत्रं 60 लाख, खेळतं भांडवल 40 लाख, वर्षाला 6,000 क्विंटल तूर, दहा वर्षं, दर 12 टक्के. तूर 7,500 रुपये क्विंटल, क्विंटलमागे डाळीचा उतारा 70 किलो, डाळ 115 रुपये किलो, चुनी-कणी-टरफलाचे क्विंटलमागे 450, चालू खर्च क्विंटलमागे 500, स्थिर खर्च वर्षाला 12 लाख. निव्वळ वर्तमान मूल्य 14.6 लाख निघालं. पण शेवटच्या तक्त्यात एकेक आकडा 10 टक्क्यांनी बिघडवून पाहिलाय. डाळीचा भाव पडला तर उणे 258 लाख, तूर महागली तर उणे 240 लाख! संचालक घाबरलेत. सगळं खरंच भावावरच आहे का? नेमकं काय तपासायचं?

उत्तर:

तक्त्यातली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण तो तुम्हाला चुकीच्या गोष्टीची भीती घालतोय. भावापेक्षा आधी उतारा तपासा, आणि तोही खरेदीच्या वजनावर. तुमच्या या प्रकल्पात क्विंटलमागे अर्धा किलो डाळ कमी निघाली तर 14.6 लाख संपतात. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात उतारा ही ओळच नाही.

आधी एक छोटं गणित करून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं तोंडी करता येईल. तुमच्या आकड्यांनी क्विंटलमागे डाळीचे 8,050 आणि बाकी मालाचे 450 असे 8,500 रुपये येतात. त्यातून तुरीचे 7,500 आणि खर्चाचे 500 गेले की 500 उरतात. 6,000 क्विंटलचे 30 लाख, त्यातून स्थिर खर्च 12 लाख वजा केला की वर्षाला 18 लाख हातात. दहा वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत 12 टक्क्यांनी 5.65 रुपये होते. दहाव्या वर्षी खेळतं भांडवल परत मोकळं होतं, ते धरून एक्सेलमध्ये सगळा प्रकल्प एका ओळीत बसतो, आकडे लाखांत:

```
=PV(12%,10,-18)+40/1.12^10-100
```

उत्तर 14.6 येतं. कोणी `NPV` हे फंक्शन वापरून केलं असेल तर सुरुवातीचे 100 लाख कंसाच्या बाहेर आहेत ना, ते पाहा. ते आत टाकले की एक्सेल त्यांच्यासकट सगळ्याच रकमा एक वर्ष पुढे ढकलतं आणि 14.6 ऐवजी 13 येतात. आयकर यात नाही. सगळे भाव आजचे आहेत, महागाई धरलेली नाही. त्यामुळे 12 टक्के दर तसा कडक आहे, पण अशा प्रकल्पाला कडकच दर लावलेला बरा.

आता 6,000 ला 5.65 ने गुणा. 33,900 येतात. म्हणजे क्विंटलमागचा एक रुपया कुठूनही कमी-जास्त झाला की निव्वळ वर्तमान मूल्य 33,900 रुपयांनी हलतं. हा आकडा संचालक मंडळाच्या बैठकीत फळ्यावर लिहून ठेवा. 14.6 लाखांना 33,900 ने भागलं की 43 येतात. क्विंटलमागे 43 रुपये कमी मिळाले तर प्रकल्प बरोबर शून्यावर येतो. डाळीच्या किलोमागे हे 61 पैसे होतात. तुमच्याकडे सहन करायला एवढीच जागा आहे, आणि 10 टक्क्यांच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

आता भावाकडे वळू. तक्त्यात डाळ 10 टक्क्यांनी उतरते आणि तूर 7,500 वरच थांबते. असं दहा वर्षं चालेल का? डाळीचा भाव तुरीच्या भावाला बांधलेला असतो. 2024 मध्ये तूर दहा हजारांच्या वर गेली तेव्हा डाळही महागली, आणि 2025 च्या हंगामात तूर 7,550 च्या हमीभावाच्या आसपास आणि काही बाजारांत त्याखाली आली तेव्हा डाळही उतरली. 2021 मध्ये तुरीची आयात मोकळी झाली. म्यानमार आणि आफ्रिकेतून माल आला की त्याचा दाब दोन्हींवर पडतो. म्हणून दोन्ही भाव एकत्र 10 टक्क्यांनी खाली घेऊन पाहा. डाळीत 805 रुपये जातात, तुरीत 750 वाचतात, निव्वळ नुकसान 55 रुपये. निव्वळ वर्तमान मूल्य उणे 4.1 लाख होतं. उणे 258 आणि उणे 4.1 यांत केवढा फरक आहे पाहा, आणि फरक पडला तो फक्त एकमेकांना बांधलेले दोन आकडे सुटे हलवल्यामुळे.

त्या 258 लाखांत आणखी एक खोट आहे. तसा तोटा व्हायला मिलने वर्षाला 30 लाख घालवत दहा वर्षं चालू राहावं लागेल. कोणतंही मंडळ तसं करणार नाही. दुसऱ्या वर्षी खरेदी थांबेल आणि मिल भाड्याने जाईल किंवा लोकांची तूर मजुरीवर भरडून देईल. 100 लाखांच्या प्रकल्पात 258 लाख बुडणं हा फक्त कागदावरचा आकडा आहे.

याचा अर्थ भावात जोखीम नाही असा मात्र घेऊ नका. जोखीम आहे ती दोन भावांमधल्या फरकात. तूर आणि डाळ वेगवेगळ्या ओळीत ठेवण्याऐवजी तक्त्यात एकच ओळ ठेवा: एका क्विंटल तुरीपासून निघालेल्या डाळीची किंमत वजा त्या क्विंटलची खरेदी किंमत. तुमच्याकडे ती आज 550 आहे. ती किती हलते ते अंदाजाने लिहू नका. अकोला हा तुमच्या जवळचा तुरीचा मोठा बाजार आहे आणि डाळ मिलही तिथे आहेत. मागच्या चार-पाच हंगामांतले त्याच आठवड्याचे तुरीचे आणि ठोक डाळीचे भाव जोडीने काढा. बाजार समितीच्या नोंदी आहेत, आणि डाळीचे भाव एखादा जुना दलाल वहीतून देईल. वर्षाच्या सरासऱ्या घेऊ नका, त्यात हा फरक गुळगुळीत होऊन जातो. आणि डाळीचा तोच दर्जा धरा जो तुमचं यंत्र खरोखर काढणार आहे. मोठ्या मिलच्या पहिल्या नंबरच्या डाळीचा भाव लहान मिलच्या डाळीला मिळत नाही.

एक अट मात्र पाळावी लागेल. ही जोडी टिकते ती तूर घेतली की लवकर भरडून विकली तरच. 40 लाखांच्या खेळत्या भांडवलात साधारण पाचशे क्विंटल तूर बसते, म्हणजे माल सतत फिरता हवा. एखाद्या वर्षी मंडळाने ठरवलं की पुढे भाव चढेल म्हणून 2,000 क्विंटल भरून ठेवू, तर दीड कोटी अडकले. भाव 10 टक्के उतरला की 15 लाख गेले, म्हणजे संपूर्ण प्रकल्पाचं मूल्य एका साठ्यात संपलं. त्यात 2023 आणि 2024 मध्ये केंद्र सरकारने तुरीवर साठामर्यादा लावली होती, हेही लक्षात असू द्या. साठेबाजी करायची असेल तर तो वेगळा धंदा आहे आणि त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

आता उताऱ्याविषयी सविस्तर, कारण माझ्या मते तुमचा निर्णय इथेच ठरतो.

उतारा एक किलोने कमी झाला तर 115 रुपयांची डाळ जाते. तो किलो हवेत जात नाही, बहुतेक चुनीत किंवा कणीत जातो आणि तिथे त्याचे साधारण 17 रुपये येतात. म्हणजे नुकसान 98 रुपये. 98 गुणिले 33,900 केले की 33.2 लाख होतात. एका किलोला 33 लाख! 69.56 किलोवर तुमचा प्रकल्प शून्यावर येतो आणि 68 वर उणे 51.9 लाखांवर जातो.

70 हा आकडा कुठून आला, ते सल्लागाराला विचारा. असे आकडे बहुधा यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातून येतात. ते आकडे खोटे असतात असं नाही, पण ते स्वच्छ, वाळलेल्या, एकसारख्या दाण्याच्या तुरीवर काढलेले असतात. तुम्ही घेणार आहात ती सभासदांच्या खळ्यावरची तूर. तिच्यात माती, काड्या, फुटका आणि पोचट दाणा असतो. समजा शंभर किलोत दोन किलो कचरा निघाला. स्वच्छ तुरीवर उतारा 70 च आहे, पण पैसे तुम्ही शंभर किलोचे मोजलेत. मग विकायला मिळणारा सगळा माल दोन टक्क्यांनी कमी, म्हणजे 8,500 चे 170 रुपये गेले. निव्वळ वर्तमान मूल्य थेट उणे 43 लाख. यंत्र उत्तम चाललं, कोणाचीही चूक नाही, तरी प्रकल्प बुडाला, कारण 70 हा आकडा कोणत्या वजनावर आहे हे अहवालात लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी सांगतो, उतारा या शब्दापुढे ‘खरेदी वजनावर’ हे दोन शब्द नेहमी लिहून घ्या.

कचऱ्याशिवायही उतारा कमी होण्याची कारणं तुरीच्या दाण्यातच आहेत. तुरीचं टरफल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो, त्यामुळे ती हरभऱ्यासारखी सहज सुटत नाही. म्हणून दाण्याला ओरखडे पाडून तेल किंवा पाणी लावायचं, मुरवायचं आणि मग वाळवायचं. हे नीट झालं नाही तर टरफल काढायला तोच माल रोलरवरून पुन्हा पुन्हा काढावा लागतो, आणि प्रत्येक फेरीला डाळीच्या कडा झिजून चुनी होते. ढगाळ वातावरणात उघड्यावरचं वाळवण चार-चार दिवस लांबतं. लहान-मोठा दाणा मिसळलेला असेल तर रोलर मोठ्या दाण्याला बेतून लावला की लहान दाणा तसाच निघून जातो, लहानाला बेतला की मोठा चिरडतो. तुमच्या सभासदांकडे आशा वाणही असेल, मारुतीही असेल, शिवाय गावरान असेल. सगळं एका ढिगात पडलं की हा त्रास ठरलेला. कोरडवाहू तुरीला शेंगा भरताना ओल कमी पडली की दाणा बारीक राहतो, त्या वर्षी टरफलाचा वाटाच जास्त असतो.

हे कळण्याची खूणही सोपी आहे. चुनीचं वजन पाहा. डाळ कमी आणि चुनी जास्त असेल तर दोष मुरवण-वाळवणात किंवा रोलरमध्ये आहे. डाळ कमी, चुनी नेहमीएवढीच आणि सगळ्याची बेरीज खरेदी वजनापेक्षा पाच-सहा किलोंनी कमी असेल तर तुम्ही माती किंवा ओलावा विकत घेतलाय, आणि इलाज खरेदीच्या काट्यावर करायचा आहे.

तुमचा अहवाल मंजुरीला जाण्यापूर्वी एक चाचणी कराच. तीन वेगळ्या गावांतून सभासदांची तूर, प्रत्येकी दहा क्विंटल, खळ्यावरून जशी निघाली तशी घ्या. जवळच्या एखाद्या चालू मिलमध्ये मजुरी देऊन ती वेगवेगळी भरडून घ्या. शक्य झालं तर यंत्र तेच असू द्या जे तुम्ही घेणार आहात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच गावांत आहे, पण तिचा उतारा मोठ्या यंत्राला लावू नका, आणि मोठ्या यंत्राचा तिला लावू नका. प्रत्येक घाण्यात आलेली तूर, सफाईनंतरची तूर, डाळ, कणी, चुनी, टरफल, सगळं वेगळं तोला. तीन आकड्यांची सरासरी तुमचं गृहीतक, आणि सगळ्यात खालचा आकडा तुमची वाईट बाजू. या चाचणीला जो खर्च येईल तो एका किलोच्या 33 लाखांपुढे काहीच नाही.

तिसरी गोष्ट तुरीची आवक. इथे 10 टक्के ही पट्टी उलट्या बाजूने चुकते, ती फार छोटी पडते. डिसेंबरमध्ये फुलांवर धुवारी आली, घाटेअळी पडली किंवा मर रोगाने झाडं वाळली तर तालुक्याची तूर एका हंगामात कितीतरी खाली जाते. आणि तूर पिकली तरी ती तुमच्याकडेच येईल असं नाही. सभासदाला दारात रोख पैसे देणारा व्यापारी भेटला की तो तिकडे जातो, त्याला दोष देता येत नाही. 6,000 ऐवजी 4,500 क्विंटल धरले तर निव्वळ वर्तमान मूल्य उणे 27.8 लाख. शून्यावर येण्याचा आकडा साधारण 5,480 आहे. सुरुवातीचं वर्षही पाहा: रोहित्र आणि वीजजोडणीला उशीर झाला आणि पहिल्या हंगामात निम्मीच तूर भरडली गेली, तर तेवढ्यानेच 13.4 लाख जातात. अहवालात पहिल्या वर्षापासून पूर्ण 6,000 धरलेत, ते मी कमी केले असते.

आता तक्ता पुन्हा मांडू. प्रत्येक आकड्याला सरसकट 10 टक्के लावण्याऐवजी तो आकडा प्रत्यक्षात जेवढा बिघडू शकतो तेवढाच बिघडवायचा. भावातल्या फरकासाठी मी हिशेब दाखवायला 150 रुपये धरलेत, तुमच्या नोंदींतून जे निघेल ते तिथे घाला.

| काय बिघडलं | किती | निव्वळ वर्तमान मूल्य (लाख) |
|---|---|---|
| उतारा, खरेदी वजनावर | 70 वरून 68 किलो | −51.9 |
| तूर-डाळ भावातला फरक | 150 रुपयांनी कमी | −36.3 |
| तुरीची आवक | 6,000 वरून 4,500 क्विंटल | −27.8 |
| शेड आणि यंत्रं | 10 लाखांनी महाग | 4.6 |
| दर | 12 वरून 14 टक्के | 4.7 |
| स्थिर खर्च | 1.2 लाखांनी जास्त | 7.8 |

वरच्या तीन ओळी प्रकल्प बुडवतात, खालच्या तीन त्याला ओरखडा काढतात. बैठकांमध्ये मात्र वेळ जातो तो खालच्या तीनवरच: बँकेने अर्धा टक्का कमी करावा, शेडचा ठेकेदार स्वस्त मिळावा, व्यवस्थापकाचा पगार कमी करावा. व्याजदरावर घासाघीस जरूर करा, पण आधी तूर तोला.

हा तक्ता एका वेळी एकच आकडा हलवतो, ही त्याची मर्यादा आहे. वाईट वर्षात गोष्टी एकत्र येतात. पाऊस लवकर गेला की तूर कमी पिकते आणि दाणाही बारीक राहतो. म्हणून उतारा 69 आणि आवक 5,000 अशी जोडी करून पाहा. दोन्ही आकडे एरवी कोणालाही भयंकर वाटणार नाहीत. क्विंटलमागे 402 रुपये, वर्षाला 8.1 लाख, निव्वळ वर्तमान मूल्य उणे 41.4 लाख. एक्सेलमध्ये `Data Table` वापरून उभ्या बाजूला उतारा आणि आडव्या बाजूला आवक असा चौकोन काढा. त्यातली शून्याची रेघ कुठून जाते ते मंडळाला दाखवलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अनुदानाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी ते काढणारच. समजा 60 लाखांवर 35 टक्के मिळाले आणि सुरुवातीलाच हातात आले, तर 21 लाखांची भर पडून मूल्य 35.6 लाख होतं. चांगलंच आहे. पण उताऱ्याच्या भाषेत ती भर किलोभराचीसुद्धा नाही. अनुदानामुळे शून्याची रेघ 69.56 वरून 68.93 किलोवर येते, एवढंच. आणि रक्कम दोन वर्षांनी आली तर तेही कमी.

या तक्त्याचा खरा उपयोग पैसे कुठे घालायचे ते ठरवायला होतो. शेड-यंत्रांत 10 लाख वाढले तर 10 लाखच जातात. त्याच 10 लाखांत चांगली सफाईची चाळणी, खडे काढणारं यंत्र, दाण्याच्या आकारानुसार प्रतवारी आणि पावसाळी हवेत चालणारं वाळवण यंत्र बसवून उतारा दीड किलोने वाढला, तर 49.8 लाख मिळतात. त्यातून वाळवण यंत्राचं जळण आणि वीज क्विंटलमागे 40 रुपये धरली तर 13.6 लाख वजा होतात, तरी फायदा खर्चाच्या तिप्पटीपेक्षा जास्त राहतो. त्यामुळे सल्लागाराने यंत्रसामग्रीत काटकसर करून 60 लाखांत बसवलं असेल, तर नेमकं काय गाळलं ते विचारा. सफाई किंवा वाळवण गाळलं असेल तर ते परत घाला. खरेदीच्या काट्यावर ओलावा मोजायचं यंत्र आणि चाळणी ठेवून कचऱ्याप्रमाणे वजनात कपात करा, पण हा नियम सभासदांना हंगामाआधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन गर्दीत वाद होतात.

चाचणीत खरेदी वजनावर 71 किंवा अधिक मिळाले आणि भावातला फरक जुन्या नोंदींत बहुतेक वेळा 550 च्या आसपास राहिला असेल, तर मी हा प्रकल्प पुढे न्यायला सांगेन, पहिल्या वर्षी 3,000 क्विंटल धरून. 69 ते 71 च्या मध्ये आला तर आधी वाळवण आणि सफाई वाढवून अहवाल पुन्हा मांडा. 69 च्या खाली आला तर या स्वरूपात सही करू नका. त्याऐवजी लहान यंत्र घेऊन सभासदांची तूर मजुरीवर भरडून देण्याचा हिशेब करा. तिथे डाळ सभासदाची राहते, उताऱ्याची आणि भावाची जोखीम कंपनीच्या डोक्यावरून उतरते, आणि तक्त्यात सगळ्यात वर आवक येते. तालुक्यात मजुरीचा दर काय चालतो आणि घरच्या डाळीसाठी किती तूर भरडली जाते, ही माहिती मात्र गावोगाव विचारूनच मिळेल.